सुळका आणि टेकडी : रक्तातल्या प्रथिनांचा आलेख वाचताना

लिव्हर फंक्शन टेस्टच्या रिपोर्टात बिलिरुबिन आणि एन्झाइमच्या आकड्यांखाली चार ओळी असतात : टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि ए/जी रेशो. बहुतेकांची नजर वरच्या आकड्यांवरच थांबते. पण कधी कधी वरचं सगळं ठीक असतं आणि ग्लोब्युलिनसमोर ६ च्या पुढचा आकडा ठळक छापलेला असतो. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात ग्लोब्युलिन साधारण २ ते ३.५ ग्रॅम असतं. म्हणजे ही जवळजवळ दुप्पट वाढ आहे. मग डॉक्टर पुढची तपासणी लिहून देतात : सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. तिच्या रिपोर्टात आकड्यांच्या बरोबरीने एक आलेख येतो आणि या तपासणीचं खरं उत्तर त्या आलेखाच्या आकारात असतं.

तो आकार कसा वाचायचा, हे समजून घेण्यासाठी दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. व्यक्ती कल्पित आहेत, पण आकडे अशा रुग्णांमध्ये नेहमी दिसतात तसेच घेतले आहेत. प्रथिनांचे सगळे आकडे दर १०० मिलिलिटरमागे ग्रॅममध्ये आहेत.

पहिला रिपोर्ट ६४ वर्षांच्या गृहस्थांचा. चार महिन्यांपासून कंबर दुखते आहे आणि जिना चढला की दम लागतो. हिमोग्लोबिन ८.९, ईएसआर ११०. टोटल प्रोटीन ९.६, अल्ब्युमिन ३.१, ग्लोब्युलिन ६.५.

दुसरा रिपोर्ट ४६ वर्षांच्या बाईंचा. सांधे दुखतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नाही. हिमोग्लोबिन १०.२, ईएसआर १०५. टोटल प्रोटीन ९.४, अल्ब्युमिन ३.३, ग्लोब्युलिन ६.१.

नुसत्या आकड्यांवरून दोघांत फरक करता येणार नाही. ईएसआरही मदतीला येत नाही. रक्तात प्रतिपिंडं वाढली की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि नळीत लवकर तळाशी बसतात. प्रतिपिंडं कुठून आली याच्याशी ईएसआरला देणंघेणं नसतं. आलेख मात्र पाहिल्याबरोबर दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. गृहस्थांच्या आलेखात उजव्या टोकाला एक अरुंद, टोकदार सुळका आहे. बाईंच्या आलेखात त्याच जागी रुंद पसरलेली टेकडी आहे.

आलेख तयार कसा होतो

रक्त साध्या नळीत गोठू देतात, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वर आलेला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, काढून घेतात. त्यातलं काही मायक्रोलिटर सीरम अगरोज जेलच्या पातळ थरावर एका रेषेत ठेवतात. जेलभोवतीच्या बफरचा पीएच ८.६ च्या आसपास असतो. या पीएचला सीरममधली जवळजवळ सगळी प्रथिनं ऋण प्रभार धारण करतात. विद्युतदाब दिला की ती धन ध्रुवाकडे ओढली जातात. ज्यावर प्रभार जास्त ते पुढे जातं, ज्यावर कमी ते मागे राहतं. अल्ब्युमिन सर्वांत पुढे पळतं. प्रतिपिंडांवर प्रभार इतका थोडा असतो, की जेलमधून उलट दिशेने वाहणारं पाणी त्यांना सुरुवातीच्या रेषेच्याही मागे नेतं.

मग जेल रंगवतात आणि प्रथिनांचे निळे पट्टे दिसू लागतात. डेन्सिटोमीटर हे यंत्र त्या पट्ट्यांवरून प्रकाश सोडत जातं आणि कुठे किती गडद आहे याचा आलेख काढतं. आता बऱ्याच मोठ्या प्रयोगशाळांत जेलऐवजी केसाएवढ्या बारीक नळीत हेच काम होतं. त्याला कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. तिथे रंग लागत नाही, प्रथिनं किती अतिनील प्रकाश शोषतात ते थेट मोजलं जातं. तत्त्व एकच आहे.

हे तंत्र स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये घडवलं आणि त्यासाठी त्यांना १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अल्ब्युमिनच्या मागे येणाऱ्या गटांना अल्फा, बीटा, गॅमा ही नावं तेव्हापासूनची. १९३९ मध्ये टिसेलियस आणि एल्विन काबॅट यांनी दाखवून दिलं, की लस देऊन तयार झालेली प्रतिपिंडं गॅमा गटात असतात. म्हणूनच आजही आलेखाच्या गॅमा भागाकडे आधी पाहिलं जातं.

निरोगी माणसाच्या आलेखात डावीकडे अल्ब्युमिनचं उंच शिखर असतं. त्यानंतर अल्फा-१ आणि अल्फा-२ हे छोटे उंचवटे येतात, मग बीटा भागात ट्रान्सफेरिन आणि सी-३ यांचे दोन उंचवटे आणि शेवटी गॅमाचा सखल, गोलसर भाग. यंत्र प्रत्येक भागाचं क्षेत्रफळ टक्केवारीत देतं. ती टक्केवारी वेगळ्या पद्धतीने मोजलेल्या टोटल प्रोटीनशी गुणली, की ग्रॅम मिळतात. आपल्या गृहस्थांच्या सुळक्याचं क्षेत्रफळ ४३.८ टक्के आहे. ९.६ चे ४३.८ टक्के म्हणजे ४.२ ग्रॅम. टोटल प्रोटीन चुकलं तर हा आकडाही चुकतो. आकार चुकत नाही.

एकच घराणं की हजारो

प्रतिपिंडं प्लाझ्मा पेशी तयार करतात. प्रत्येक प्लाझ्मा पेशी एका बी पेशीपासून जन्मते. त्या बी पेशीने तरुणपणी आपल्या जनुकांचे तुकडे स्वतःच्या पद्धतीने जुळवलेले असतात, त्यामुळे तिच्या वंशातली पेशी आयुष्यभर एकाच रचनेचं प्रतिपिंड तयार करते. त्या प्रतिपिंडाला दोन जड साखळ्या असतात आणि दोन हलक्या. जड साखळीवरून आयजीजी, आयजीए, आयजीएम वगैरे प्रकार ठरतो. हलकी साखळी कप्पा किंवा लॅम्डा असते. एक पेशी यांपैकी एकच हलकी साखळी वापरते, दोन्ही नाही.

आपल्या रक्तात अशा असंख्य घराण्यांची प्रतिपिंडं एकत्र वाहत असतात. प्रत्येकाच्या अमिनो आम्लांचा क्रम थोडा वेगळा, म्हणून प्रभार थोडा वेगळा, म्हणून जेलवरचा वेगही थोडा वेगळा. कोणी जरा पुढे, कोणी जरा मागे राहतं आणि सगळ्यांचा मिळून तो सखल, पसरट गॅमा भाग तयार होतो.

एखाद्या जुनाट जंतुसंसर्गात किंवा शरीराने स्वतःच्याच पेशींवर हल्ला चढवला असेल तेव्हा एकाच वेळी हजारो घराणी कामाला लागतात. सगळ्यांचं उत्पादन वाढतं, पण वेगांची विविधता तशीच राहते. म्हणून गॅमा भाग आहे तसाच रुंद राहून वर उचलला जातो. ही टेकडी म्हणजे पॉलिक्लोनल, अनेकवंशी वाढ.

याउलट एकच प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढली आणि तिच्या लाखो लेकी तेच एक प्रतिपिंड ओतू लागल्या, तर त्यातला प्रत्येक रेणू सारख्या रचनेचा, सारख्या प्रभाराचा आणि सारख्या वेगाचा असतो. जेलवर सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात. तिथे अरुंद गडद पट्टा उमटतो आणि आलेखावर सुळका उभा राहतो. ही मोनोक्लोनल, एकवंशी वाढ. रिपोर्टात याला एम-बँड, एम-स्पाइक किंवा एम-प्रोटीन म्हणतात.

या दोन आकारांमागे दोन वेगळे जीवशास्त्रीय प्रकार आहेत, हा विचार स्वीडिश वैद्य यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९६१ मध्ये स्पष्टपणे मांडला. त्याआधी 'गॅमा ग्लोब्युलिन वाढलं' एवढंच म्हटलं जाई, आणि कर्करोगाची शक्यता असलेले आणि नसलेले रुग्ण एकाच मापाने मोजले जात.

नुसत्या वाढीवर भिस्त ठेवली तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९२० च्या दशकात कलकत्त्यात एल. ई. नेपियर यांनी काळ्या आजारासाठी एक सोपी चाचणी रूढ केली. रुग्णाच्या सीरममध्ये फॉर्मालिनचे थेंब टाकायचे. काही वेळात सीरम पांढरं होऊन घट्ट गोठलं, की काळा आजार. ही चाचणी बरीच वर्षं वापरात होती, कारण काळ्या आजारात आयजीजी प्रचंड वाढतं आणि फॉर्मालिन त्यालाच गोठवतं. पण ते आयजीजी कोणत्या कारणाने वाढलं याचं फॉर्मालिनला सोयरसुतक नसतं. मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या रुग्णाचं सीरमही तसंच गोठू शकतं. वाढ दिसत होती, तिचा उगम दिसत नव्हता.

पहिला रिपोर्ट : सुळका

गृहस्थांच्या आलेखाकडे परत येऊ. अल्ब्युमिन ३.१, अल्फा-१ ०.३, अल्फा-२ ०.८, बीटा ०.८ आणि गॅमा ४.६. त्या ४.६ पैकी ४.२ एकट्या सुळक्यात आहे. सुळक्याचा पाया डावीकडच्या अल्ब्युमिनच्या शिखराहूनही अरुंद आहे. नजरेने ठरवताना हा ठोकताळा उपयोगी पडतो. अल्ब्युमिन हे एकाच प्रकारचं प्रथिन आहे, त्यामुळे एकजिनसी प्रथिनाचं शिखर किती रुंद असावं याचं माप त्याच आलेखात हाताशी असतं. गॅमा भागातला उंचवटा तितकाच किंवा त्याहून अरुंद असेल तर एकवंशी वाढीचा संशय घ्यायचा.

सुळक्याइतकीच महत्त्वाची गोष्ट सुळक्याच्या दोन्ही बाजूंना आहे. तिथे आलेख जवळजवळ तळाला टेकला आहे. उरलेलं गॅमा फक्त ०.४ आहे, निरोगी माणसात ते साधारण ०.७ ते १.६ असतं. रोगट घराण्याने बाकीच्या घराण्यांना दडपून टाकलं आहे. या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडांचा साठा नेहमीच्या कितीतरी पट आहे, पण तो जवळजवळ सगळा एकाच निरुपयोगी रचनेचा आहे. न्यूमोनियाच्या जंतूंशी लढायला त्याच्याकडे इतरांपेक्षा कमीच प्रतिपिंडं आहेत. अशा रुग्णांना वारंवार छातीचे संसर्ग होतात ते यामुळे.

सुळका दिसला की त्याची ओळख पटवावी लागते. त्यासाठी इम्युनोफिक्सेशन करतात. तेच सीरम जेलवर सहा पट्ट्यांत पळवतात. पहिल्या पट्टीत सगळी प्रथिनं रंगवतात. उरलेल्या पाचांवर अनुक्रमे आयजीजी, आयजीए, आयजीएम, कप्पा आणि लॅम्डा यांना पकडणारी द्रव्यं घालतात. या गृहस्थांच्या जेलवर आयजीजीच्या पट्टीत एक रेखीव गडद रेघ आहे, कप्पाच्या पट्टीत नेमकी त्याच उंचीवर दुसरी रेघ आहे, आणि लॅम्डाच्या पट्टीत फक्त फिकट छटा. म्हणजे हे आयजीजी-कप्पा आहे. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या हलक्या साखळ्या मोजल्या तेव्हा दर लिटरला कप्पा ४१२ मिलिग्रॅम आणि लॅम्डा ८ मिलिग्रॅम निघाल्या. गुणोत्तर ५१.५. मूत्रपिंड नीट असताना ते ०.२६ ते १.६५ च्या दरम्यान असतं.

इथपर्यंत एवढंच सिद्ध झालं, की एक घराणं माजलं आहे. तो मायलोमा आहे का, हे आलेख एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी बोन मॅरोची तपासणी, हाडांचा सीटी किंवा एमआरआय, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन लागतं. या गृहस्थांच्या मॅरोत ३८ टक्के प्लाझ्मा पेशी आहेत, मणक्यांत हाड पोखरल्याच्या जागा आहेत आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे. मॅरोत १० टक्के किंवा त्याहून जास्त एकवंशी पेशी आणि त्यांच्यामुळे शरीराला झालेली इजा, असा दुहेरी पुरावा जुळला. हा मायलोमा. कंबरदुखीचं कारण मणक्यात सापडलं, पण त्याचा पहिला धागा रक्ताच्या आलेखात होता.

दुसरा रिपोर्ट : टेकडी

बाईंच्या आलेखात अल्ब्युमिन ३.३, अल्फा-१ ०.४, अल्फा-२ ०.८, बीटा १.१ आणि गॅमा ३.८ आहे. गृहस्थांच्या गॅमापेक्षा हा आकडा फार मागे नाही. पण टेकडीचा पाया अल्ब्युमिनच्या शिखराच्या कितीतरी पट रुंद आहे, माथा गोल आहे आणि उतार दोन्हीकडे सौम्य आहेत. इम्युनोफिक्सेशनमध्ये आयजीजी, कप्पा आणि लॅम्डा तिन्ही पट्ट्या धूसर पण गडद भरल्या आहेत, रेखीव रेघ कुठेच नाही. मोकळी कप्पा ६२ आणि लॅम्डा ४८, गुणोत्तर १.२९. दोन्ही वाढल्या, पण एकमेकींशी प्रमाण राखून वाढल्या. कुठलंही एक घराणं इतरांना दाबत नसल्याची ही दुसरी खूण.

टेकडी दिसली की प्रश्न बदलतो. आता प्लाझ्मा पेशींना काय झालं हे शोधायचं नसतं, त्यांना कोण डिवचतं आहे ते शोधायचं असतं. त्यामुळे बोन मॅरो टोचण्याची घाई करायची नसते. यकृताचे जुनाट आजार, स्वयंप्रतिरक्षेचे आजार आणि दीर्घकाळ टिकणारे संसर्ग ही तीन मोठी दालनं आधी तपासायची. संसर्गांत आपल्याकडे क्षयरोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचा विचार करावा लागतो. रुग्ण बिहार-झारखंडकडचा असेल तर काळ्या आजाराचाही. काही वेळा मागे एखादा दुसराच कर्करोग असतो, त्याला शरीर प्रतिक्रिया देत असतं.

आलेख इथेही थोडी दिशा दाखवतो. यकृताच्या सिऱ्हॉसिसमध्ये बीटा आणि गॅमा यांच्यामधली दरी बुजते आणि एकातून दुसऱ्यात थेट उतार जातो. याला बीटा-गॅमा ब्रिज म्हणतात. आतड्यांतून येणारे जंतूंचे अंश यकृत नेहमी गाळून काढतं. यकृत निबर झालं की ते अंश पुढे निसटतात आणि त्यांच्या विरोधात आयजीए मोठ्या प्रमाणात तयार होतं. आयजीएची जागा बीटा आणि गॅमाच्या मध्येच असते, म्हणून ती दरी भरते. अशा आलेखात अल्ब्युमिनही बरंच खाली आलेलं असतं, कारण ते यकृतातच तयार होतं.

बाईंच्या आलेखात दरी शाबूत आहे, अल्ब्युमिन फारसं उतरलेलं नाही आणि वाढ मुख्यतः आयजीजीची आहे. त्याला कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सांधेदुखी यांची जोड दिली की दिशा ठरते. हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. एएनए आणि अँटी-रो प्रतिपिंडं पॉझिटिव्ह आली. हा शोग्रेन सिंड्रोम, ज्यात शरीर स्वतःच्या लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींवर हल्ला करतं. बाईंना आता संधिवाततज्ज्ञाकडे जायचं आहे.

अनेकवंशी वाढ मायलोमाची पूर्वतयारी मानली जात नाही, त्यामुळे दर काही महिन्यांनी इलेक्ट्रोफोरेसिस करत बसण्याची सहसा गरज नसते. शोग्रेनमध्ये मात्र एक सावधगिरी आहे. या रुग्णांपैकी थोड्यांना पुढे लिम्फोमा होतो आणि टेकडीवर नव्याने सुळका उगवणं ही त्याची एक आगाऊ सूचना ठरू शकते. लाळग्रंथीची सूज कायम राहिली किंवा गाठी आल्या, तर तीच तपासणी पुन्हा करावी.

फसवे सुळके, लपलेले सुळके

प्रत्येक सुळका एम-प्रोटीनचा नसतो. सर्वांत साधी फसवणूक नळीतून होते. इलेक्ट्रोफोरेसिसला सीरम लागतं, म्हणजे गोठून फायब्रिनोजेन वेगळं झालेलं रक्त. चुकून हेपॅरिनच्या नळीत रक्त घेतलं, किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधं घेत असल्याने ते नीट गोठलंच नाही, तर उरलेलं फायब्रिनोजेन बीटा आणि गॅमाच्या मध्ये नेटका सुळका काढतं. इम्युनोफिक्सेशनमध्ये पाचही पट्ट्यांत रेखीव रेघ दिसली नाही तर ही शंका घ्यावी आणि व्यवस्थित गोठलेला नवा नमुना मागवावा.

आपल्याकडे दिसणारी दुसरी फसवणूक लोहाच्या कमतरतेतून येते. लोह कमी पडलं की शरीर लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन वाढवतं आणि बीटा भागातला त्याचा उंचवटा टोकदार होतो. अॅनिमिया असलेल्या बाईचा असा आलेख पाहून मायलोमाची धास्ती घ्यायची गरज नाही. सुळका नेमका ट्रान्सफेरिनच्या जागी आहे, फेरिटिन कमी आहे आणि इम्युनोफिक्सेशन स्वच्छ आहे, एवढ्यावर गोष्ट मिटते.

उलटी चूक जास्त महागात पडते. आयजीएचा सुळका बीटा भागात पडला तर तो ट्रान्सफेरिन किंवा सी-३ च्या मागे लपतो आणि बीटा जरा जाड झालाय एवढंच वाटतं. अरुंद सुळका रुंद टेकडीच्या पोटात दडू शकतो. आणि साधारण सहापैकी एका मायलोमात पूर्ण प्रतिपिंड तयारच होत नाही, फक्त हलक्या साखळ्या होतात. त्या इतक्या लहान असतात की मूत्रपिंडातून गळून लघवीत जातात आणि रक्तात साचत नाहीत. अशा रुग्णाचं टोटल प्रोटीन नॉर्मल असतं, आलेखात सुळका नसतो आणि लघवीच्या साध्या पट्टीलाही त्या सापडत नाहीत, कारण ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. दिसतं ते एवढंच, की गॅमा भाग सपाट झाला आहे. साठीच्या माणसाला हाडदुखी आहे, क्रिएटिनिन चढतंय आणि गॅमा ०.४ वर आलाय, अशा वेळी 'एम-बँड दिसला नाही' या शेऱ्यावर थांबणं धोक्याचं आहे. त्याच सीरमवर इम्युनोफिक्सेशन आणि मोकळ्या हलक्या साखळ्यांची तपासणी व्हायलाच हवी.

लहान सुळका दिसला तर

सुळका आणि कर्करोग यांची सांगड लोकांच्या मनात इतकी घट्ट बसते, की रिपोर्टात 'एम-बँड' हे शब्द वाचले की घरात रडारड होते. प्रत्यक्षात एम-बँड सापडलेल्यांपैकी मोठ्या गटाला मायलोमा नसतो. समजा ५८ वर्षांच्या एका शिक्षिकेची नियमित तपासणी झाली आणि गॅमा भागात ०.६ ग्रॅमचा आयजीजी-कप्पा सुळका निघाला. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन नॉर्मल आहेत. हलक्या साखळ्यांचं गुणोत्तर १.१ आहे. सुळक्याच्या बाजूचं गॅमाही भरलेलं आहे. एकच घराणं थोडं वाढलं आहे, पण त्याने कुणाला दडपलेलं नाही आणि शरीराला इजाही केलेली नाही.

या अवस्थेला एमजीयूएस म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये दिलं. सुळका ३ ग्रॅमपेक्षा कमी, मॅरोतल्या प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि अवयवांना इजा नाही, ही त्याची व्याख्या. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत पन्नाशी ओलांडलेल्या १०० जणांमागे सुमारे ३ जणांत ही अवस्था सापडली. त्यातून वर्षाला १०० पैकी साधारण एकाला मायलोमा किंवा त्याच्या जातीचा दुसरा आजार होतो. शिक्षिकेचा धोका त्याहूनही कमी आहे, कारण तिच्या बाजूने तिन्ही गोष्टी आहेत : सुळका १.५ च्या खाली, प्रकार आयजीजी आणि गुणोत्तर नॉर्मल. अशा गटात २० वर्षांत १०० पैकी सुमारे ५ जण पुढच्या टप्प्यावर जातात. म्हणून तिला औषध द्यायचं नसतं, आणि अशा कमी धोक्याच्या रुग्णांत लगेच मॅरो टोचण्याचीही सहसा गरज नसते. सहा महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची आणि सुळका स्थिर असेल तर पुढे दोन-तीन वर्षांच्या अंतराने.

या पुन्हा करण्यातही एक मेख आहे. सुळका मोजताना तंत्रज्ञ आलेखावर त्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करतो. त्या खुणांपासून सरळ तळापर्यंत रेघ ओढली तर सुळक्याखालचं निरोगी गॅमाही मोजणीत येतं. खुणा एकमेकींना तिरप्या रेघेने जोडून फक्त वरचा भाग मोजला तर ते बाहेर राहतं. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण त्याच नमुन्यावर एक ०.६ सांगेल आणि दुसरी ०.३. शिक्षिकेने यंदा एका लॅबमध्ये आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर काहीही न बदलता सुळका दुप्पट झाल्यासारखा दिसू शकतो. आठवड्याभरात पुन्हा तपासून घेण्यातही अर्थ नाही. आयजीजी रक्तातून निम्मं व्हायला तीन आठवडे लागतात, तेव्हा इतक्यात त्यात मोजण्याजोगा फरक पडतच नाही.

म्हणून अशा रुग्णाने तीन गोष्टी सांभाळाव्यात. तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करावी. नुसत्या आकड्यांचा कागद न घेता आलेख आणि इम्युनोफिक्सेशनचा निकाल, उदाहरणार्थ 'आयजीजी-कप्पा', फाइलला लावावा. आणि दर खेपेला सुळक्याच्या ग्रॅमबरोबर हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासून घ्यावं. सुळका तेवढाच राहून हिमोग्लोबिन घसरू लागलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावं. त्या घसरणीमागे अनेकदा लोहाची कमतरता असं साधं कारण निघतं, पण ते शोधून काढल्याशिवाय गृहीत धरायचं नसतं.